ऑक्टोपसची तीन हृदये पडद्यावर दाखवायची कशी? चेहरा नसलेल्या माहितीपर चॅनेलची संहिता समजून घेताना

जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने उत्पन्नासंबंधीच्या आपल्या नियमांतील एका कलमाचे नाव बदलले. एकाच साच्यातून घाऊक पद्धतीने काढलेले, एकमेकांपासून फारसे वेगळे नसलेले व्हिडिओ आता ‘अस्सल नसलेला मजकूर’ या नावाखाली मोडतात आणि अशा व्हिडिओंवर जाहिरातींचे पैसे मिळत नाहीत. या बदलानंतर ‘चेहरा न दाखवणारे चॅनेल आता बंद होणार’ अशी चर्चा बरीच पसरली, पण त्या नियमात चेहरा दाखवण्याची अट कुठेही नाही. आक्षेप आहे तो विचार न करता जुळवलेल्या मजकुराला. असा मजकूर ओळखायचा कसा आणि टाळायचा कसा, हे समजून घ्यायचे असेल तर या व्हिडिओंचा पाया असलेला कागद पाहावा लागतो. तो कागद म्हणजे निवेदन आणि दृश्यसूचना शेजारी-शेजारी लिहिलेली संहिता.

दोन स्तंभांची संहिता म्हणजे काय

‘फेसलेस’ चॅनेलवर बोलणारी व्यक्ती दिसत नाही. आवाज ऐकू येत राहतो आणि पडद्यावर एकामागून एक दृश्ये सरकतात. यांतील बहुतेक दृश्ये स्वतः चित्रित केलेली नसतात. दुसऱ्या कोणीतरी आधीच चित्रित करून संग्रहात ठेवलेल्या आणि परवान्यासह कोणालाही वापरता येणाऱ्या अशा तयार क्लिपना ‘स्टॉक फुटेज’ म्हणतात. पेक्सेल्स आणि पिक्साबे यांसारखे काही संग्रह विनामूल्य आहेत, तर स्टोरीब्लॉक्स आणि शटरस्टॉक यांसारखे संग्रह पैसे घेतात.

संहितेच्या डाव्या बाजूला निवेदनाचे एक-एक वाक्य असते. उजव्या बाजूला त्या वाक्यावर काय दिसावे याची सूचना असते, तिला आपण दृश्यसूचना म्हणू. चित्रपटाच्या पटकथेत अशी सूचना कॅमेरामनसाठी असते. इथे मात्र ती संग्रहात शोध घेणाऱ्या माणसासाठी लिहायची असते, आणि तो माणूस बहुधा लेखक स्वतः किंवा त्याचा संकलक असतो. म्हणजे मनात आलेले सुंदर दृश्य लिहून भागत नाही, संग्रहात सापडू शकेल असेच दृश्य लिहावे लागते. या कामाची खरी अडचण इथूनच सुरू होते.

चित्रसुद्धा काहीतरी सांगत असते

माहितीपर व्हिडिओ लिहिणारे बरेच जण निवेदनातील प्रत्येक विधान दोनदा तपासतात आणि चित्राच्या बाबतीत मात्र ‘विषयाशी जुळणारे काहीही’ चालवून घेतात. माझ्या मते या प्रकारातील सर्वांत मोठी चूक हीच आहे. प्रेक्षक आवाज आणि चित्र वेगवेगळे घेत नाही. ‘हा प्राणी’ असे शब्द कानावर पडत असताना जो प्राणी दिसतो तोच ‘हा प्राणी’ म्हणून त्याच्या लक्षात राहतो. औषध अचूक भरलेले असूनही बाटलीवरची चिठ्ठी दुसऱ्याच औषधाची असेल तर घेणाऱ्याची जशी फसगत होते, तशीच गत बरोबर निवेदनावर चुकीचे चित्र लावल्याने प्रेक्षकाची होते.

म्हणून दृश्यसूचना लिहिताना पहिला प्रश्न असा विचारावा: या वाक्यावर येणारे चित्र कोणत्या प्रकारचे आहे? काही चित्रे पुरावा देतात, म्हणजे निवेदनात सांगितलेलीच गोष्ट प्रत्यक्ष दाखवतात. काही चित्रे समजावून सांगतात, जशी आकृती, नकाशा किंवा पडद्यावरचा ठळक शब्द. आणि काही चित्रे नुसते वातावरण तयार करतात, जसा समुद्राचा विस्तीर्ण पृष्ठभाग. पुरावा-चित्राच्या जागी वातावरण-चित्र आले तर फारसे बिघडत नाही. पण वातावरणासाठी म्हणून निवडलेली क्लिप प्रेक्षकाला पुरावा वाटू लागली की चूक घडते. हे कसे होते ते एका उदाहरणातून सविस्तर पाहू.

उदाहरण: सत्तावीस सेकंदांची एक संहिता

समजा विषय ऑक्टोपसच्या हृदयांचा आहे. निवेदन पाच वाक्यांचे आहे:

१. ऑक्टोपसच्या शरीरात एक नव्हे, तीन हृदये असतात.
२. त्यांतली दोन कल्ल्यांच्या मुळाशी असतात आणि रक्त कल्ल्यांमधून पुढे ढकलतात.
३. प्राणवायू घेतलेले हे रक्त तिसरे हृदय साऱ्या शरीरात पोहोचवते.
४. पाण्याचा झोत सोडून ऑक्टोपस पोहू लागला की हे तिसरे हृदय थांबते.
५. त्याचे रक्त निळे असते, कारण त्यात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायनिन या प्रथिनात तांबे असते.

आधी वेळेचा हिशेब करू. शांत आणि स्पष्ट मराठी निवेदनासाठी दोन शब्दांना एक सेकंद हे कच्चे माप धरून चालावे आणि स्वतःच्या आवाजात एक मिनिट वाचून ते दुरुस्त करून घ्यावे. इंग्रजीतील ‘मिनिटाला दीडशे शब्द’ हे माप जसेच्या तसे उचलू नये, कारण मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि शब्द लांब होतो. ‘कल्ल्यांमधून’ हा एकच शब्द असला तरी उच्चारायला वेळ घेतो. या मापाने वरील वाक्ये अनुक्रमे सुमारे चार, पाच, पाच, सहा आणि सात सेकंदांची होतात, म्हणजे एकूण सत्तावीस सेकंद. हा आकडा सूचनेत लिहायलाच हवा. पाचव्या वाक्यासाठी सात सेकंदांचे चित्र लागते आणि हाती आलेली क्लिप चार सेकंदांचीच असेल, तर उरलेल्या तीन सेकंदांत संकलक घाईघाईने काहीही डकवतो, आणि ते ‘काहीही’च पुढे घात करते.

आता चित्रांकडे वळू.

पहिल्या वाक्यासाठी `three hearts` असा शोध घेतला तर प्रेमाच्या चिन्हाची तीन लाल हृदये किंवा माणसाच्या धडधडणाऱ्या हृदयाचे ॲनिमेशन समोर येण्याचीच शक्यता जास्त. माणसाचे हृदय चार कप्प्यांचे असते. ते ऑक्टोपसच्या नावावर दाखवले की प्रेक्षकाच्या मनात एकाच प्राण्याच्या पोटात माणसासारखी तीन हृदये बसतात. म्हणून पहिल्या वाक्यावर हृदय दाखवूच नये, जिवंत ऑक्टोपस जवळून दाखवावा. हे पुरावा-चित्र ‘हा प्राणी कोणता’ एवढेच सांगते, आणि त्या क्षणी तेवढेच पुरेसे असते.

पण तो ऑक्टोपसच आहे ना? संग्रहातील क्लिपची नावे चित्रीकरण करणारे स्वतः देतात आणि त्यांत गल्लत होते. `octopus` असे नाव असलेल्या क्लिपमध्ये त्याच्याशी साम्य असलेला कटलफिश किंवा स्क्विड हा दुसराच सागरी प्राणी निघू शकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. ऑक्टोपसला आठ हात असतात, पण कटलफिश आणि स्क्विड यांना आठ हातांखेरीज लांब सोंडांसारखे आणखी दोन अवयव असतात. कटलफिशच्या धडाच्या कडेने झालरीसारखा पर फिरलेला दिसतो. क्लिप डोळ्याच्या जवळून घेतलेली असेल तर काम आणखी सोपे होते: कटलफिशची बाहुली इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षरासारखी नागमोडी दिसते, तर ऑक्टोपसची आडव्या फटीसारखी. सूचनेत ‘नको’ अशी वेगळी ओळ ठेवून या खुणा तिथेच लिहून ठेवाव्यात, म्हणजे निवडणाऱ्याला प्राणिशास्त्र येत नसले तरी अडत नाही.

दुसरे आणि तिसरे वाक्य शरीराच्या आतल्या घडामोडींचे आहे. जिवंत ऑक्टोपसच्या पोटातले रक्ताभिसरण दाखवणारी क्लिप विनामूल्य संग्रहात सापडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. इथे साधी आकृती लिहावी: ऑक्टोपसची बाह्यरेषा, कल्ल्यांपाशी दोन ठिपके आणि मधोमध एक ठिपका. ‘दोन’ हा शब्द उच्चारला जाताना कडेचे दोन ठिपके उजळावेत आणि ‘तिसरे हृदय’ या शब्दांवर मधला उजळावा. ही आकृती कोणत्याही साध्या चित्र-साधनात अर्ध्या तासात होते आणि माझ्या अनुभवात तिचा परिणाम महागड्या क्लिपपेक्षा चांगला होतो, कारण ती नेमकी त्याच वाक्यासाठी काढलेली असते.

चौथे वाक्य सर्वांत अवघड आहे. रांगणाऱ्या ऑक्टोपसच्या क्लिप भरपूर मिळतात, पोहणाऱ्याच्या त्या मानाने कमी. हाताशी आहे म्हणून रांगणारा ऑक्टोपस या वाक्यावर लावला तर निवेदनाच्या नेमके उलटे विधान पडद्यावर येते. आणखी एक मोह होतो: प्राणी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जावा म्हणून क्लिप उलटी चालवणे. झोत सोडून पोहताना ऑक्टोपसचे धड पुढे असते आणि हात मागे ओढले जातात. क्लिप उलटी चालवली की तो हात पुढे करून पोहताना दिसतो, जे साफ खोटे आहे. दिशा बदलायचीच असेल तर चित्र आरशासारखे आडवे फिरवावे. त्याने पोहण्याची पद्धत बदलत नाही. या एका ओळीची पूर्ण सूचना मी अशी लिहीन:

```
ओळ ४ | ६ सेकंद | पुरावा-चित्र
शोध  : octopus swimming side view
हवे   : धड पुढे, आठही हात मागे
नको  : रांगणारा; squid; cuttlefish; उलटी क्लिप
पर्याय : ओळ ३ ची आकृती, मधला ठिपका फिका करावा
```

शोधाचे शब्द इंग्रजीत ठेवले आहेत, कारण मोठ्या संग्रहांतील क्लिपना खुणेचे शब्द मुख्यतः इंग्रजीतच दिलेले असतात. प्राणी, त्याची क्रिया आणि कॅमेऱ्याची बाजू या क्रमाने तीन-चार शब्द लिहिले की निकाल आटोक्यात येतात. ‘पर्याय’ ही ओळ मात्र कधीही रिकामी ठेवू नये. ती रिकामी राहिली की मनासारखी क्लिप न मिळाल्यावर निर्णय घाईच्या हाती जातो.

पाचव्या वाक्यात निळ्या रक्ताचा मोह आहे. `blue octopus` शोधले की निळ्या कड्यांचा ऑक्टोपस समोर येतो. दृश्य देखणे असते आणि विषयाशी जुळल्यासारखेही वाटते. पण त्या कड्यांचा निळा रंग त्वचेतील सूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित झाल्याने दिसतो, रक्ताशी त्याचा संबंध नाही. ‘त्याचे रक्त निळे असते’ या वाक्यावर हे चित्र लावले तर रक्त निळे म्हणून कडी निळी, असे एक तिसरेच विधान तयार होते, जे कोणी लिहिलेले नाही आणि जे चुकीचे आहे. पाण्यात पसरणारी निळी शाई हा दुसरा नेहमीचा पर्याय. तो त्याहून घातक, कारण ऑक्टोपस खरोखरच शाई सोडतो आणि ती गडद असते. प्रेक्षक शाई आणि रक्त एकच समजून बसतो. इथे शब्दफलकच योग्य: एका बाजूला ‘माणूस – लोह’ आणि लाल थेंब, दुसऱ्या बाजूला ‘ऑक्टोपस – तांबे’ आणि निळा थेंब. सात सेकंदांत तो आरामात वाचून होतो.

‘म्हणून’ या शब्दापाशी थांबावे

हे उदाहरण लिहिताना एक सहावे वाक्य सहज सुचते: ‘म्हणून ऑक्टोपस पोहण्यापेक्षा रांगणे पसंत करतो.’ अनेक व्हिडिओंमध्ये ते ऐकू येते, आणि रांगणाऱ्या ऑक्टोपसच्या क्लिप मुबलक असल्यामुळे लिहिण्याचा मोहही होतो. पण पोहताना तिसरे हृदय थांबते हे निरीक्षण आहे आणि त्यामुळेच तो रांगतो हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. भक्ष्य तळाशी सापडते, लपायला खडक तळाशीच असतात, अशी इतर कारणेही असू शकतात. दोन खऱ्या गोष्टी ‘म्हणून’ने जोडल्या की जोड आपोआप खरी होत नाही, आणि त्या जोडीवर साजेशी क्लिप आली की संशय घ्यायलाही जागा राहत नाही. अशा वाक्यासाठी कार्यकारणाचा थेट आधार हाती नसेल तर ते गाळावे, किंवा ‘पोहणे त्याला दमवणारे ठरते आणि तो बहुधा रांगतानाच दिसतो’ असे दोन्ही भाग सुटे ठेवावेत.

‘चित्र तर केवळ सोबतीला असते, एवढी काटेकोर चिकित्सा कशाला?’

या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. सगळी चित्रे पुरावा देणारी असावीत असा आग्रह धरला तर व्हिडिओ कधीच पूर्ण होणार नाही. लाटांचे, आकाशाचे, चालत्या पावलांचे चित्र चालते, कारण त्यांना कोणी पुरावा समजत नाही. चिकित्सा करायची ती निवेदनात एखादी विशिष्ट वस्तू, प्राणी, जागा, व्यक्ती किंवा काळ यांचा उल्लेख असतो तिथे. पाच वाक्यांत अशी तीन-चारच ठिकाणे असतात, त्यामुळे वेळ जेवढा वाटतो तेवढा जात नाही.

उलट टोकाची चूकही पाहायला मिळते: प्रत्येक नामाला एक चित्र. ‘वेळ’ म्हटले की घड्याळ, ‘विचार’ म्हटले की डोके खाजवणारा माणूस, ‘जग’ म्हटले की फिरणारा पृथ्वीगोल. अशा व्हिडिओत दर दोन सेकंदांनी चित्र बदलते आणि काहीच लक्षात राहत नाही. यंत्रवत जुळवणीचा वास इथूनच येतो. चित्र शब्द बदलला म्हणून बदलू नये, अर्थाचा टप्पा बदलला की बदलावे. वरील उदाहरणात दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यावर मिळून दहा सेकंद एकच आकृती आहे, आणि तिच्यातले ठिपके तेवढे उजळतात.

चूक राहिली आहे का, हे ताडण्याची एक साधी पद्धत आहे. तयार व्हिडिओ आवाज बंद करून, संहिता न वाचलेल्या माणसाला दाखवावा आणि प्रत्येक दृश्यानंतर ‘हे काय सांगते आहे?’ असे विचारावे. त्याचे उत्तर निवेदनाशी विसंगत निघाले तर त्या जागेची क्लिप बदलावी. ‘माहीत नाही, समुद्र दिसतो आहे’ असे उत्तर आले तर ते वातावरण-चित्र आहे आणि त्याने धोका नाही.

‘विनामूल्य क्लिप आहे, मग परवाना कशाला वाचायचा?’

‘रॉयल्टी-फ्री’ याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा परवाना मिळाला की प्रत्येक वापरामागे वेगळे मानधन द्यावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही क्लिपवर ‘फक्त संपादकीय वापरासाठी’ अशी खूण असते. बहुधा त्यांतील व्यक्तींची किंवा मालमत्तेच्या धन्यांची लेखी संमती घेतलेली नसते, आणि अशी क्लिप व्यावसायिक कामात वापरल्यास अडचण येऊ शकते. विनामूल्य संग्रहांच्याही अटी असतात. उदाहरणार्थ, पेक्सेल्सच्या परवान्यानुसार ओळखू येणाऱ्या व्यक्तीला वाईट प्रकाशात दाखवता येत नाही. ‘खोटे बोलणाऱ्यांची लक्षणे’ अशा विषयावर कोणा अनोळखी माणसाचा हसरा चेहरा लावणे यात बसत नाही, आणि नियम नसता तरी ते अन्यायाचेच झाले असते.

सागरी विषयांसाठी एक चांगला स्रोत म्हणजे अमेरिकेची ‘नोआ’ ही सागर आणि हवामान यांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था. तिच्या शोधमोहिमांचे चित्रीकरण, वेगळी सूचना नसेल तर, सार्वजनिक मालकीचे असते आणि श्रेय द्यावे एवढी अपेक्षा असते. तिथल्या क्लिपसोबत माहितीही येते. फेब्रुवारी २०१६ मध्ये हवाई बेटांजवळ सुमारे ४,३०० मीटर खोलीवर तिच्या दूरनियंत्रित वाहनाने टिपलेल्या फिकट, जवळजवळ पारदर्शक ऑक्टोपसची जागा, खोली आणि तारीख नोंदलेली आहे. विनामूल्य संग्रहातील क्लिपमागे बहुतेक वेळा एक शीर्षक आणि चार खुणेचे शब्द यांपलीकडे काही नसते. पुरावा-चित्र निवडताना हा फरक मोलाचा ठरतो.

‘तीच क्लिप शंभर चॅनेलवर असेल तर आपले वेगळेपण कुठे राहिले?’

क्लिप सर्वांची असते हे खरे, आणि संग्रहात पहिल्या पानावर येणारा ऑक्टोपस अनेकांनी वापरलेला असतो हेही खरे. त्यावर शोधाच्या निकालांत खोल जाणे हा एक उपाय आहे, पण तो तात्पुरता. नियमांचा रोख ज्या साचेबद्धतेवर आहे ती क्लिपमध्ये कमी आणि जुळवणीत जास्त असते. पाचही वाक्यांवर पाच देखण्या क्लिप लावून मोकळे होणारा व्हिडिओ आणि दोन वाक्यांसाठी आकृती काढणारा, निळ्या कड्यांचा मोह टाळणारा व्हिडिओ यांतला फरक पाहणाऱ्याला सांगावा लागत नाही. आपला आवाज, आपली आकृती, आपण निवडलेला क्रम आणि आपण गाळलेले वाक्य या गोष्टी दुसऱ्याच्या चॅनेलवर नसतात.

नोंद कशी ठेवावी

संकलन संपल्यावर संहितेच्या त्याच कागदावर प्रत्येक ओळीसमोर वापरलेल्या क्लिपचा संग्रह, तिचा क्रमांक, परवान्याचा प्रकार आणि उतरवून घेतल्याची तारीख लिहावी. निवेदनातील प्रत्येक विधानाचा आधारही तिथेच असावा. याचे कारण व्यवहाराचे आहे. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही. मधला भाग कापता येतो, पण नवे चित्र घालता येत नाही. उद्या कोणी दाखवून दिले की पहिल्या वाक्यावरचा प्राणी कटलफिश आहे, तर ती चार सेकंदे कापावी लागतील, किंवा जुना व्हिडिओ काढून दुरुस्त केलेला नव्याने चढवावा लागेल. शिवाय तीच क्लिप आणखी कोणत्या व्हिडिओंत गेली आहे हेही शोधावे लागेल. नोंद असेल तर तो शोध क्रमांकावरून काही मिनिटांत होतो. ती नसेल तर प्रत्येक जुना व्हिडिओ उघडून ऑक्टोपसचे हात मोजत बसावे लागते.